पर्सनल हिस्टरीत कोयता किती लिहायचा?

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातली. आईवडील ऊसतोडीला जातात. सिव्हिल इंजिनिअरिंग झालंय, आता अमेरिकेत पाण्याच्या विषयात पीएचडीसाठी अर्ज करतेय. एका विद्यापीठाला काय संशोधन करायचंय ते सांगणाऱ्या स्टेटमेंट ऑफ पर्पजशिवाय, स्वतःच्या आयुष्याबद्दलचं वेगळं पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट हवंय. मित्र म्हणतात, "ऊसतोडीच्या झोपडीतला, कोपीतला अभ्यास लिही, वाचणारा रडला पाहिजे." एक सर म्हणाले, जात पहिल्याच ओळीत लिही. मसुदा लिहिला, पण वाचताना वाटतं ही मी नाहीच, कुणीतरी बिचारी आहे. आणि हे काढून टाकलं तर उरतं काय, तेही कळत नाही. मसुदा जोडलाय. काय करू?

उत्तर:

मसुदा वाचल्यावर मी तुम्हाला तीन-चार प्रश्न विचारले होते. त्यांची जी उत्तरं तुम्ही पाठवलीत, ती इथे वापरतेय, तुमची परवानगी घेतलेलीच आहे. आणि खरं सांगू का, मसुद्यापेक्षा ती उत्तरंच जास्त चांगली आहेत.

मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात काही वर्षं शिकवत होते आणि विभागाच्या प्रवेश समितीवरही होते. त्यामुळे आधी पलीकडे काय चालतं ते सांगते. वाचणारा प्राध्यापक संध्याकाळी जेवण उरकून बसतो. समोर वीस-पंचवीस अर्ज असतात, आणि एकेकाला फार तर पंधरा-वीस मिनिटं मिळतात. गुणपत्रक, शिफारसपत्रं, स्टेटमेंट ऑफ पर्पज हे सगळं झाल्यावर तो पर्सनल हिस्टरी उघडतो. तेव्हा त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: बाकीच्या कागदांत न दिसलेलं काय आहे इथे? ही मुलगी अडली की काय करते, तिच्या नजरेला काय पडतं, आमच्या प्रयोगशाळेत आली तर कशी वागेल? समितीच्या बैठकीत त्याला दोन वाक्यांत तुमच्याबद्दल बोलायचं असतं. "फार गरिबीतून आलीय" एवढंच बोलता आलं, तर पुढच्या अर्जालाही तेच लागू होतं, आणि मग चर्चा पुन्हा गुणांवर येते.

आता तुमच्या मसुद्याचा पहिला परिच्छेद. तुम्ही तो इंग्रजीत लिहिलाय, मी मराठीत उतरवते, म्हणजे तो कसा ऐकू येतो ते तुम्हालाच कळेल:

"बीड जिल्ह्यातील एका दुष्काळी खेड्यात, अशिक्षित ऊसतोड मजुरांच्या पोटी माझा जन्म झाला. दारिद्र्य पाचवीला पुजलेले होते. कोपीत दिव्याच्या उजेडात अभ्यास करून, असंख्य संकटांवर मात करत मी अभियंता झाले. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या आईचे अश्रू पाहून मी जलतज्ज्ञ होण्याचे ठरवले."

यात खोटं काही नाही असं तुम्ही म्हणाल. मग मी विचारलं, कोपीत किती वर्षं राहिलात? तुमचं उत्तर: चार हंगाम, दुसरी ते पाचवी. सहावीपासून तुम्ही अंबाजोगाईला मामाकडे होतात. मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आणि दहावीपर्यंत तुम्ही तिथे सबमर्सिबल मोटारींची वाइंडिंग करायला शिकलात. जळालेली कॉइल काढायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, नवी कॉइल भरायची. मसुद्यात यातलं एक अक्षर नाही. का नाही, तर तुम्हीच लिहिलंय: "ते घातलं तर स्टोरी कमजोर होते."

सगळी गोम इथेच आहे. दुःखाची गोष्ट पूर्ण करायची म्हणून तुम्हाला आयुष्यातली पाच-सात वर्षं गाळावी लागली. ज्या मामाने मुलीच्या हातात मल्टिमीटर दिला तो गेला, दुकान गेलं, हातातलं कौशल्य गेलं, आणि उरली दिव्याखाली बसलेली मुलगी. तुम्हाला "ही मी नाहीच" असं वाटलं ते उगाच नाही. एका शिक्क्यात बसायचं म्हटलं की शिक्क्याबाहेरचं सगळं छाटावंच लागतं. आणि यात एक व्यवहारी धोकाही आहे. शिफारसपत्रात तुमच्या प्राध्यापकांनी "पंप आणि मोटारींची उत्तम जाण" असं लिहिलं असेल, तर वाचणाऱ्याला दोन कागदांत दोन वेगळ्या मुली दिसतात.

बरं, विद्यापीठाने विचारलंय काय, ते पुन्हा वाचा. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांच्या आणि तशाच इतर सूचनांमध्ये बहुधा "अडचणी" या शब्दाशेजारी "संधी" हा शब्दही असतो. आपली मुलं पहिला शब्द वाचतात आणि तिथेच थांबतात. मामाचं दुकान ही संधीच होती, आणि ती लिहिण्यात कमीपणा नाही.

सर म्हणाले जात पहिल्या ओळीत लिही. ते आपल्याकडच्या अर्जांच्या सवयीने म्हणाले असणार. इथल्या बऱ्याच सरकारी परदेश शिष्यवृत्तींच्या अर्जाला जातीचा दाखला लागतो, तिथे प्रवर्ग हा पात्रतेचाच भाग असतो आणि तो स्पष्ट लिहायलाच हवा. अमेरिकेतल्या विद्यापीठाचं गणित वेगळं आहे. कॅलिफोर्नियात 1996 साली मतदारांनी प्रस्ताव 209 मंजूर केला, तेव्हापासून तिथल्या सरकारी विद्यापीठांना वंश, लिंग, मूळ देश वगैरे पाहून प्रवेशात झुकतं माप देता येत नाही. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेश देशभरातच रोखले. मात्र त्याच निकालात असंही म्हटलंय की अर्जदाराने स्वतःच्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला हे लिहिलं, तर विद्यापीठाला ते विचारात घेता येईल, फक्त त्यातून त्या व्यक्तीचा स्वभाव किंवा क्षमता दिसायला हवी. निकाल वंशाबद्दल आहे, जातीबद्दल नाही. पण वाचणारे आता सगळ्याच पार्श्वभूमीकडे त्याच नजरेने बघतात: नुसत्या शिक्क्याला वजन नाही, त्या अनुभवातून तुम्ही काय केलंत याला आहे. शिवाय गेल्या दोन-तीन वर्षांत अशा लेखनाचं वारं तिथे बरंच बदललंय. प्राध्यापकांच्या भरतीत मागितली जाणारी, विविधतेसाठी तुम्ही काय केलंत ते सांगणारी डायव्हर्सिटी स्टेटमेंट एमआयटीने 2024 मध्ये आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2025 मध्ये बंद केली. विद्यार्थ्यांच्या सूचनांचे शब्दही दर वर्षी बदलतात. म्हणून मागच्या वर्षीच्या सीनिअरचा नमुना उचलू नका, या वर्षीच्या पोर्टलवरचा प्रश्नच छापून भिंतीला लावा.

मग जात लिहायची की नाही? लिहिलीत तर ती कुठेतरी काहीतरी करताना दिसू द्या. समजा तुमच्या विहिरींच्या कामात वस्तीवरच्या एका आडावर तुम्हाला मोजमाप करू दिलं नाही, आणि म्हणून तुम्ही मोजणीची पद्धत बदलली. तिथे एका वाक्यात जात येईल, आणि वाचणाऱ्याला ती का आलीय ते समजेल. सिॲटलने फेब्रुवारी 2023 मध्ये शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात जात घातली, तेव्हापासून हा शब्द तिथल्या काहींना ओळखीचा झालाय, पण सगळ्यांना नाही, तेव्हा अर्ध्या वाक्याचा खुलासा लागेल. आणि नाही लिहिलीत तर ती लपवाछपवी नव्हे. विभागात भारतीय प्राध्यापक असतील, पुढे त्यांच्याशी रोज गाठ पडेल. कोणाला काय कधी सांगायचं हे तुमच्या हातात राहू द्या. "घरातली पहिली पदवीधर" वगैरेसाठी अर्जात रकाना असेल तर तिथे खूण करा. जे रकान्यात बसलं त्यावर इथे परिच्छेद खर्च करायची गरज नाही.

आता मसुद्याला हात घालू. एक साधा प्रयोग करा. तुमच्या पानातली जी जी वाक्यं "मी" करून सुरू होतात आणि ज्यांत तुम्ही खरोखर काही केलंय, त्यांच्याखाली रेघ ओढा. मी ओढली. 22 वाक्यांपैकी 4. बाकीच्यांत तुम्ही जन्मलात, पाहिलंत, सोसलंत, तुम्हाला मिळालं नाही, तुम्हाला जावं लागलं. यातली काही लागतात, नाहीतर परिस्थिती कळणार कशी. पण परिस्थितीला पानाचा पाव भाग पुरतो.

त्या चारांपैकी एक वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात दडलंय: "लहानपणी मी वडिलांचा हिशोबही बघायचे." मी म्हटलं, हे नीट सांगा. तेव्हा कळलं की आठवीच्या उन्हाळ्यात पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, आईवडील घरी आले, तेव्हा वडिलांनी कारखान्याच्या काट्यावरच्या वजनपावत्या पिशवीत जपून आणल्या होत्या. मुकादम हिशोब करायला आला तेव्हा तुम्ही त्या पावत्या तारखेने लावून त्याच्या वहीशी ताडून पाहिल्यात. पावत्या 63, वहीत खेपा 58. मुकादमाने तीन मान्य केल्या, दोन नाही. उचल थोडी अंगावर राहिलीच.

अहो, हे सोडून तुम्ही दिव्याचा उजेड लिहिलात!

दुसरा दडलेला भाग म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. गावातल्या सरकारी निरीक्षण विहिरीच्या पाणीपातळीवरून तालुक्याचं चित्र काढतात, आणि ती विहीर नेमकी नाल्यावरच्या बंधाऱ्याला लागून. त्यामुळे कागदावर पाणी बरं दिसतं आणि चढावरच्या विहिरी जानेवारीतच तळ गाठतात. तुम्ही दर पंधरा दिवसांनी 12 विहिरींत वजन बांधलेली टेप सोडून पातळी मोजलीत, ऑक्टोबर ते मे. चढावरच्या वस्तीतल्या तीन बायका तुम्ही नसताना मोजायच्या. त्यांचे आणि तुमचे आकडे जुळेनात, तेव्हा शोधल्यावर कळलं की त्या काठापासून मोजत होत्या आणि तुम्ही जमिनीपासून. मग प्रत्येक काठावर ऑइलपेंटने खूण केलीत. संशोधन म्हणजे काय हे ज्याला कळतं, तो माणूस या ऑइलपेंटच्या खुणेशी थांबेल.

तर पहिला परिच्छेद असा काहीसा होऊ शकतो. शब्द तुमचे तुम्ही घाला, मी फक्त घडण दाखवतेय:

"माझे आईवडील दर वर्षी दिवाळीनंतर चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला जातात. मजुरीची रक्कम हंगामाआधी उचल म्हणून मिळते आणि तोडलेल्या उसाच्या वजनातून ती फेडायची असते, म्हणून प्रत्येक खेपेची नोंद महत्त्वाची. आठवीत असताना मी वडिलांनी जपलेल्या वजनपावत्या मुकादमाच्या वहीशी ताडून पाहिल्या. पावत्या 63 होत्या आणि वहीत खेपा 58. तीन खेपा त्याने मान्य केल्या. उरलेल्या दोन पावत्यांवरची शाई पावसाने पुसली होती. पुढच्या हंगामाला निघताना मी वडिलांना प्लॅस्टिकची पिशवी आणि एक वही दिली."

बघा, गरिबी कुठे गेली नाही. उचल आहे, मुकादम आहे, गेलेले पैसे आहेत. पण परिच्छेदात वावरतेय ती तुम्ही. आणि वडीलही नुसते "अशिक्षित" राहिले नाहीत, पाच महिने पावत्या जपणारा माणूस दिसतो. आईबद्दल तुम्ही मला लिहिलंत की मोळी उचलल्यावर ती वजन अंदाजाने सांगते आणि क्वचितच चुकते. तीच आई तुमच्या मसुद्यात फक्त रडते. तिला तिचं काम द्या, नाहीतर तिला या पानावर आणू नका.

"कोयता" हा शब्द ठेवायचा का, असंही तुम्ही विचारलंत. नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात हे आपल्याला माहीत, पण तिकडे त्याला अर्धा परिच्छेद खुलासा लागेल आणि तुमच्या गोष्टीत त्याचं काम नाही. मुकादम ठेवा, तो पात्र आहे. कोपी, वाढं, टोळी जाऊ देत. एका पानात एखाददुसराच परका शब्द पचतो.

तुमच्या पहिल्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य, आईचे अश्रू पाहून जलतज्ज्ञ व्हायचं ठरवलंत, ते काढाच. मी विचारलं तेव्हा तुम्ही प्रांजळपणे सांगितलंत की स्ट्रक्चरचा इलेक्टिव्ह भरला होता म्हणून भूजल घेतला. मग तसंच लिहा! "दुसरा विषय भरला होता म्हणून मी भूजल घेतला, आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्याच गावचा आकडा पुस्तकात पाहिला तेव्हा तो मला पटला नाही." प्रौढ माणसाचं आयुष्य असंच वळणं घेतं, हे वाचणाऱ्यालाही माहीत असतं. बालपणातल्या एका प्रसंगातून थेट पीएचडी उगवली असं कोणी लिहिलं की वाचणाऱ्याचा पुढच्या ओळीवरचाही विश्वास थोडा कमी होतो. मुकादमाची वही आणि निरीक्षण विहीर यांत साम्य आहे हे तुम्हाला दिसलंच असेल: दोन्हीकडे लिहिलेला आकडा आणि खरा आकडा वेगळा. ते साम्य सांगू नका. दोन प्रसंग एकाखाली एक ठेवा. वाचणाऱ्याने ते स्वतः जोडलं की बैठकीत तेच दोन वाक्यांत बोलतो.

मोटार रिवाइंडिंग मध्ये कुठेतरी येऊ द्या, तीन-चार ओळी. त्याचा ऊसतोडीशी संबंध जोडायची धडपड नको. माणसाच्या आयुष्यात न जुळणाऱ्या गोष्टी असतात, आणि त्या दिसल्या की वाचणाऱ्याला तुमची चाहूल लागते. शिवाय हे काम प्रयोगशाळेत उपयोगी आहे, हेही कुणाच्या तरी लक्षात येईलच.

तिसऱ्या सत्रात दोन विषय राहिले, त्याचं कारण वडिलांचा अपघात. हे एका ओळीत, तारखेसह, कोरडं लिहा: त्या काळात मी दोन महिने घरी होते, पुढच्या सत्रात दोन्ही विषय सुटले. अर्जात जादा माहितीचा वेगळा रकाना असेल तर तिथेच. अपघाताचं वर्णन नको. यासाठी माझी एक कसोटी आहे. जो प्रसंग अनोळखी माणसासमोर बोलताना अजून तुमचा आवाज हलतो, तो या पानात घालू नका. मुलाखतीत कोणीतरी कुतूहलाने त्यावरच प्रश्न विचारेल आणि तुम्हाला झूमवर, रात्री अकरा वाजता, हसतमुखाने उत्तर द्यावं लागेल.

आणि मसुद्यातला तो गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा परिच्छेद. बीडच्या ऊसतोड बायकांच्या त्या बातम्या 2019 मध्ये सगळीकडे आल्या, तिकडचा कोणी वाचक गूगल करेल तर सापडतीलही. पण तुमच्या घरात ते घडलेलं नाही, तुम्ही त्यावर काम केलेलं नाही. जिल्हा तोच आहे म्हणून ते दुःख तुमच्या अर्जात घेता येत नाही. तो परिच्छेद पूर्ण जाऊ दे, विहिरींना जागा मिळेल.

लिहिताना आधी मराठीत लिहा, अगदी बोलता तसं. थेट इंग्रजीत बसलं की "हेलिंग फ्रॉम अ हम्बल बॅकग्राउंड" आणि "डिस्पाइट ऑल ऑड्स" बोटांतून आपोआप उतरतात. ते तुमच्या मसुद्यात तीनदा आलंय. आपल्याकडे आत्मकथनांची मोठी परंपरा आहे आणि आपण सगळे त्यावर वाढलो, त्यामुळे स्वतःबद्दल लिहायचं म्हणजे सोसलेलं लिहायचं असं मनात बसलंय. पण त्या लेखकांना शेकडो पानं होती आणि ते समाजाला जाब विचारत होते. तुमच्याकडे दीड पान आहे.

मराठी मसुदा झाला की इंग्रजी करा आणि तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या एकाला वाचायला द्या. लगेच अभिप्राय मागू नका. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, काय लक्षात राहिलं? "गरीब घरची आहे, खूप कष्ट केलेत" असं उत्तर आलं तर पुन्हा बसा. "ती पावत्या मोजणारी" किंवा "विहिरीच्या काठाला रंग लावणारी" असं आलं तर पाठवायला हरकत नाही.

राहता राहिला मुकादम. वडील अजून त्याच्याकडेच जातात असं तुम्ही म्हणालात, तेव्हा त्याचं नाव, गाव, कारखाना यातलं काही लिहू नका. असे कागद कुठे फिरतात सांगता येत नाही. आणि पाठवण्याआधी तो परिच्छेद वडिलांना मराठीत वाचून दाखवा. त्यांची हरकत असेल तर तो काढावा लागेल, आपण विहिरींपासून सुरुवात करू. हरकत नसेल तर एवढं विचारून घ्या, पावत्या 63 होत्या की 64. तुमच्यापेक्षा त्यांना पक्कं आठवत असेल.